आजोबांचं वय वर्षं सात

आजोबांच्या गेमिंग कन्सोलवर ऑनलाइन खेळाचं सदस्यत्व ‘चालू’ दिसत होतं, पण नातीबरोबर ऑनलाइन खेळायला गेलं की नेमकं अडायचं. चार दिवस ते इंटरनेटवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, त्याच कन्सोलवर आईचं प्रोफाइल लावून बघा.”

आजीचा खेळ झटक्यात सुरू झाला. म्हणजे नेट ठीक, सदस्यत्वही ठीक. घोडं आजोबांच्याच खात्यात अडलं होतं. लेकीने आपल्या फोनवर ते उघडलं. जन्मतारखेच्या जागी त्यांनी कौतुकाने नातीची तारीख टाकली होती. सात वर्षांच्या मुलाला पालकाच्या परवानगीशिवाय ऑनलाइन खेळता येत नव्हतं, आणि कुटुंबाच्या गटात पालक म्हणून नोंद लेकीची होती.

“मग दे की परवानगी,” आजोबा अजिजीने म्हणाले.

“आधी रक्तदाबाची गोळी घेतलीत का?”