चौथा मुद्दा

शाहूपुरीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्याचे मालक बाळासो स्वतःला फार हुशार समजायचे. मी त्यांच्याकडे खरेदी बघत होते. दोन हजार चार साली बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाव चढले होते. दिवाळीनंतर ते उतरणार, अशी त्यांची खात्री होती.

वर्षभराचं कास्टिंग, म्हणजे पंपांचे ओतीव भाग, हंबीररावांच्या फौंड्रीतून घ्यायचं ठरलं. पक्का करार व्हायला वेळ होता, म्हणून आधी आपला इरादा कळवणारा ईमेल पाठवायचा होता. बाळासो सांगत होते, मी टाइप करत होते.

"दर, नग, तारखा हे पहिले तीन मुद्दे करार होईपर्यंत बंधनकारक न्हाईत. चौथा बंधनकारक. दोन म्हैने आपण दुसऱ्या फौंड्रीकडं दरसुद्धा इचारणार न्हाई. त्याबिगर हंबीरराव साचं करायला हात लावत न्हाई."

"साहेब, दर मोकळा ठेवला तर त्यांनाही मोकळाच. आणि आपण मात्र बांधलेलो."

"हंबीरराव माझ्या सोयऱ्यातला हाय. भाव उतरल्यावर मला दर कमी करून घ्यायचाय. लिव्ह तू."

खाली नेहमीसारखं माझं नाव गेलं: श्रुती, खरेदी विभाग.

दिवाळी झाली. भाव उतरले नाहीत, उलट आणखी चढले. साचे तयार होते, पण हंबीररावांनी दर पाचव्या हिश्शानं वाढवला. मी फोन केला, तर म्हणाले, "पोरी, तुझ्याच ईमेलात हाय की, दर बंधनकारक न्हाई."

दोन महिने अजून सरले नव्हते; दुसरीकडे जायचं तर चौथा मुद्दा आडवा. कास्टिंगअभावी शेड रिकामी पडली. खापर माझ्या नावावर फुटणार, हे दिसत होतं. घरात कमावणारी मी एकटीच.

मग हंबीरराव स्वतः आले. चहा पिता पिता म्हणाले, "माल उद्यापास्नं देतो की. पर ह्याच दरानं वर्षभर, आन् समदं बंधनकारक. तसा ईमेल आत्ताच धाडा."

बाळासोंनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या पोरीनं घोळ घातला, पावणं. तिला काय कळतंय ह्यातलं?"

माझे कान तापले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पण नोकरी डोळ्यांपुढं होती, म्हणून टाइप करू लागले. दर, बंधनकारक. नग, बंधनकारक. तारखा, बंधनकारक. उद्या भाव कोसळले तरी वर्षभर हाच दर.

"झालं?" बाळासोंनी विचारलं.

"नाव राहिलंय."

"घाल की तुझं."

"मला ह्यातलं कळत नाही, साहेब. तुम्हीच म्हणालात." मी खुर्ची सोडली.

हंबीरराव कप खाली ठेवून बघत राहिले. पाव्हण्यासमोर माघार घेणं बाळासोंना जमेना. ते माझ्या खुर्चीत बसले. कीबोर्डाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. एका बोटानं ते आपल्या नावाचं पहिलं अक्षर शोधू लागले.