दुसऱ्या फेरीतला चेहरा

माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिवंगत पत्नीचा, प्रमिलाचा फोटो होता. नमुन्यांच्या दुसऱ्या फेरीत मी तो मंजूर केला. पाचव्या फेरीत तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या गायब!

शहाद्याच्या डिझायनर चारुलताने ‘फेरी २ मंजूर’ हा लेअर कॉम्प, म्हणजे त्या फेरीच्या मांडणीची फाइलमधली नोंद, लावला. मांडणी जुनी आली, चेहरा गुळगुळीतच राहिला. ही काही लपवते आहे, की मलाच नीट आठवत नाही?

“आबा, चूक मन्ही शे. कोणता लेअर, म्हणजे चित्राचा थर, कुठे दिसतो, तेवढंच कॉम्प जपतो. मी फोटोच्या त्याच लेअरवर ब्रश फिरवला.”

“म्हणजे ती गेली?”

तिने ‘मुखपृष्ठ_२’ ही वेगळी ठेवलेली फाइल उघडली. सुरकुत्या परतल्या.

“ब्रश फिरवायला सांगितलं कोणी?”

तिने माझीच चिठ्ठी पुढे केली: ‘फोटो स्वच्छ करावा.’

मला धुळीचे ठिपके म्हणायचे होते. लिहायचेच राहिले.