चारूची झेप

किंजल जैनने नंदुरबारात लग्नाच्या व्हिडिओंत इतक्या नवऱ्या स्लो मोशनमध्ये मंडपात आणल्या होत्या, की तिचा हात आपोआप तिकडेच वळायचा. चारुलताच्या खो-खोच्या व्हिडिओलाही तिने तेच केलं. सगळं हळू, मागे ढोल.

प्रकाशा गावचे हिलालकाका, म्हणजे चारूचे वडील, खुर्चीत बसून ते बघत होते. पुण्याच्या खो-खो शिबिरासाठी त्यांची सही आजच हवी होती, आणि ती द्यायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी मुलीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं.

"हाई काय पळी ऱ्हायनी? हाई त पानी भराले जाई ऱ्हायनी!"

चारूचं तोंड उतरलं. किंजलला राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी म्हातारा खरं बोलतोय हेही कळलं. वेग एकदाही दाखवलाच नाही, तर हळू झालेलं कुणाला कळणार?

"काका, आते जसं शे तसं दखा," म्हणत तिने मूळ चित्रण खऱ्या वेगात लावलं. चारू खांबाशी आली, झेपावली, समोरची बाद. संपलं.

"कव्हय हात लागना?" काका गोंधळले. हात कधी लागला, तेच त्यांना दिसलं नव्हतं.

"चहा प्या. दहा मिन्टे बठा."

हे मात्र किंजलच्या हातातलं काम होतं. तिने सेकंदाला शंभर फ्रेम घेतल्या होत्या, व्हिडिओ पंचवीसचा. म्हणजे वेग चौथ्या भागापर्यंत निर्धास्त उतरवता येत होता. त्याखाली गेलं की संगणक मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि बोटं धुरकट होतात. आधी तिने चारूचा हात प्रतिस्पर्धिनीच्या पाठीला लागतो ती फ्रेम ढोलाच्या ठोक्यावर बसवली. मग त्याच्या आधीचा भाग कापला: पळणं खऱ्या वेगात, खांबाला हात पडताच वेग झपकन पण धक्का न बसता खाली, आणि स्पर्शाचा ठोका वाजला की पुन्हा पूर्ण वेग. वेग बदलला की लांबी बदलते आणि ठोका सरकतो, म्हणून तिने तीनदा मागेपुढे केलं. चौथ्यांदा जमलं, आणि ते जमलंय हे तिला ठाऊक होतं.

काकांनी पाहिलं. चारू वाऱ्यासारखी आली. एका हाताने खांब धरून ती आडवी हवेत तरंगली, बोटं लांबली, लांबली, ठोका पडला, आणि धाडकन ती मातीत घसरली. काकांनी कप खाली ठेवला.

"आखो दखाड."

किंजलने पुन्हा दाखवलं. काका पडद्याजवळ सरकले. पडताना उघडा गुडघा कसा घासला जातो, ते त्यांना दिसलं.

"चारू, तू सायकलवरतून पडनी सांगे, ते हाई व्हतं?"

चारूने मान खाली घातली. "खरं सांगती, त तुम्ही खेळू देतात नही."

हिलालकाकांना तिच्या खोट्याचा राग आलाच नाही, स्वतःचीच लाज वाटली.

"कागद आन," ते म्हणाले. "आनि तठे गुडघाले काही बांधी खेळजो."