यशोधरीच्या कर्जाचं याज

आमचे तुळशीदासराव नारायणगावात विहिरीवरच्या जळक्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. पण बोलायला लागले की वाटावं, सगळी बँक यांच्याच जिवावर चाललीय. आमच्या लेकीला, यशोधरीला, पुण्याला इंजिनियर करायला दोन लाखाचं शैक्षणिक कर्ज काढलं, दरसाली पन्नास हजार. शिक्षण चालू असंस्तोवर आन् नोकरी लागल्यावर सहा महिने हप्ता न्हाई. बँकेच्या साहेबानं तवाच सांगितलं व्हतं, याज मात्र चालूच राहतं, जमलं तर भरत जा.

"भरणार! पोरीच्या डोक्यावर दोन लाखाच्या वर एक रुपया चढू देणार न्हाई," असं म्हणून हे दर महिन्याला भांग पाडून बँकेत. आधी पाचशे, मग हजार, फुडं दोन हजार. परतताना चहावाल्यालासुद्धा सांगायचे, "याज भरून आलो राव!" लई मिरवलं.

सन दोन हजार सहा. पोरीला नोकरी लागून सहा महिने झाले आन् बँकेतून बोलावणं आलं. तिघं गेलो.

"बहात्तर हजार व्याज साठलंय," साहेब म्हणाले. "आतापर्यंत ते साधं होतं. सोमवारी मुद्दलात मिळवणार. मुद्दल होईल दोन लाख बहात्तर हजार, आणि पुढचं व्याज त्या सगळ्यावर. हप्ताही त्यावरच बसणार."

"साठलंय कसं? मी भरलंय!" यांनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

साहेबांनी दोन-चार पावत्या पाहिल्या. "काका, हा नंबर मुलीच्या बचत खात्याचा. कर्जाचं खातं वेगळं."

"आवो, घरात पासबुक एकच! त्याच्यावरचा नंबर टाकला मी."

आमी दोघं यशोधरीकडं वळलो. ती शरमली. "मला वाटलं, तुम्ही मेसचे पैसे पाठवताय. कार्डानं काढत गेले."

मला हसू आवरंना. "म्हंजे बाप याज भरत व्हता आन् लेक जेवत व्हती!" पण यांचं तोंड पाहिलं आन् माझं हसू इरलं. चार वर्षं जपलेला शब्द गेला व्हता.

"सोमवारच्या आत जेवढं भराल, तेवढं मुद्दलात जाणार नाही," साहेब म्हणाले.

यशोधरीनं स्कूटीसाठी चाळीस हजार साठवलेले. ती म्हणाली, "ते भरते. राहिलेले बत्तीस मिळवा मुद्दलात."

"नको! चूक माझी, मी दुकानातलं मशीन इकतो," हे उठले.

तिनं यांचा हात धरला. "बाबा, बसा. पहिल्या वर्षी पैसे थकले म्हणून मेसवाल्यानं ताट बंद केलं होतं. तुम्हाला सांगायची लाज वाटली. पिशवी भरून मी घरीच निघाले होते, कायमची. गाडीभाड्याला पैसे काढायला गेले, तर खात्यात पाचशे जास्त दिसले. ते मेसवाल्याला दिले आणि राहिले."

तुळशीदासराव भर बँकेत रडले. आन् यांना टोमणा मारल्याबिगर ज्या माझा दिवस जात न्हाई, त्या मी पदरानं यांचे डोळे पुसले.