एक जागा सरका

"टेबल उजव्या अंगाला म्हणजे कुणाच्या उजव्या? माझ्या का बघणाऱ्याच्या?" श्रीपती सुतारानं विचारलं.

"बघणाऱ्याच्या," लीलाबाई म्हणाल्या. "मी टेबलामागं. माझ्या शेजारी पाहुण्याची खुर्ची, आणि तिच्या पलीकडं लांब सोफा."

मळवलीच्या शाळेत रविवारची दुपार होती, साल त्र्याहत्तर. मी स्टेजवर सतरंजी अंथरत होतो आणि मनात म्हणत होतो, हनुमंता, लोणावळ्याच्या दवाखान्यात वीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधल्यास, आता नाटकात काम कर.

लीलाबाई आमच्या दवाखान्यातल्या नर्स. अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावी दोन वर्षं शिकून आलेल्या. कुणी मोटार आणली असती, कुणी फ्रीज. ह्या बाईंनी गप्पांचे कार्यक्रम आणले, तेही डोक्यात. रात्रपाळी नसली की रात्री साडेअकराला टीव्हीसमोर बसायच्या आणि दीड तास जागच्या हलायच्या नाहीत. 'टुनाइट शो'चे यजमान त्या पाढ्यासारखे म्हणून दाखवत: चोपन्न ते सत्तावन्न स्टीव्ह ॲलन, बासष्टपर्यंत जॅक पार, आणि बासष्टच्या ऑक्टोबरपासून जॉनी कार्सन. तो अजून हलायचं नाव घेत नाही.

"आधी पडद्यासमोर उभं राहून तो चार विनोद करतो," त्या सांगत, "मग टेबलाशी जातो. निवेदक त्याच्या शेजारी बसतो. नवा पाहुणा आला की खुर्ची त्याची. आधीचे सगळे सोफ्यावर एकेक जागा सरकतात. निवेदक सगळ्यात टोकाला जातो आणि मोठ्यानं हसतो."

"म्हणजे मी," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही."

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र ती नव्हती. आदल्या साली भाजे गावाच्या वरच्या वाडीतली बाया नावाची पोर बाळंतपणात अडली आणि दवाखान्यात आणताना बैलगाडीतच, कार्ल्याच्या फाट्यावर गेली. बाळही गेलं. वाडीची सुईण गंगी. तिनं बायाला दोन दिवस आधी पाठवायला हवं होतं. पण तिनं पूर्वी एकीला आणलं तेव्हा आमच्या डॉक्टरसाहेबांनी तिला "अडाणी" म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं. तेव्हापासून वाडीतली एकही बाई दवाखान्याची पायरी चढली नव्हती. गंगी चार बायकांसमोर म्हणाली की "जावा," तरच त्या येणार होत्या. म्हणून तिला पाहुणी करून स्टेजवर बोलवायचा हा सगळा खटाटोप.

लीलाबाईंनी मला आणखी एक काम दिलं होतं. तिकडे म्हणे यजमानाचा माणूस पाहुण्याला आधीच भेटतो, त्याच्याकडचे किस्से काढून घेतो आणि कार्डांवर प्रश्न लिहून देतो. मग यजमान पहिल्यांदाच ऐकतोय अशा थाटात तेच विचारतो. म्हणून मी गुरुवारी वाडी चढून गेलो होतो. गंगीनं काळा चहा पाजला आणि मन मोकळं केलं. आडवं मूल तिनं कसं ओळखलं, कुणाचा पायाळू पोरगा कसा सोडवला, सगळं सांगितलं. बायाचं सांगताना मात्र पदर डोळ्यांना लावला. मी खूश. कार्डं झकास झाली होती.

कार्यक्रम सुरू झाला. मैदान बायकांनी भरलेलं. पहिले पाहुणे डॉक्टरसाहेब. ते खुर्चीत ऐसपैस बसले, स्वच्छतेवर बोलले, आणि पुढच्या रांगेतल्या दोघीजणी पेंगल्या. मी शेजारी सोफ्यावर बसून वेळोवेळी हसत होतो.

"आता गंगीमावशी!" मी पुकारलं आणि एक जागा सरकलो. डॉक्टरसाहेब जागचे हलले नाहीत. लीलाबाईंनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. शेवटी साहेब सरकले. त्यांच्या आयुष्यात सुईणीसाठी जागा करायची ती पहिलीच वेळ असावी.

गंगी आली, टेबलाकडं बघितलं आणि हात जोडून उभीच राहिली.

"बसा ना, मावशी."

"न्हाई, हितं बरं हाय."

लीलाबाईंनी कार्ड उचललं. "मावशी, आडवं मूल तुम्ही कसं ओळखता?"

गंगीच्या कपाळावर आठी पडली. "त्ये गुरवारीच सांगितलं की ह्या भाऊला. त्यानं सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?"

"सांगितलं, पण ह्या सगळ्यांना..."

"मंग परत का इचारता? टेबलामागं बसून, कागद बघून?" तिचा आवाज चढला. "बाया मेली तवा फौजदार बी असंच करत व्हता. एकडाव सांगितलं, पुन्यांदा इचारायचा, कुटं फरक पडतुया का बघाया. मी खोटी न्हाई, बाई."

आणि ती पायऱ्यांकडं वळली. तिकडच्या पाहुण्यांना हे सगळं लटकं आहे हे ठाऊक असतं. आमच्या गंगीला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे अविश्वास होता, आणि ती गोष्ट मला, इथल्या माणसाला, आधी सुचायला हवी होती. ती आता गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

लीलाबाई उठल्या. कार्डं त्यांनी टेबलावर पालथी टाकली आणि माइक काढून घेतला.

डेटनमध्येच त्यांनी दुसरा एक कार्यक्रम पाहिला होता, सकाळचा, फिल डोनाह्यूचा. सदुसष्ट साली सुरू झालेला. त्याला ना टेबल, ना सोफा. तासाला एकच पाहुणा. मध्ये जाहिराती लागल्या की समोरच्या बायकाच त्याच्यापेक्षा चांगले प्रश्न विचारायच्या, म्हणून तो बापडा माइक घेऊन त्यांच्यातच शिरू लागला. हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, त्यात यजमानाचं काय काम?

काम काय ते आता दिसलं. लीलाबाई माइकची वायर ओढत खाली उतरल्या आणि बायकांत मांडी घालून बसल्या. "मी काही विचारत नाही, मावशी. ह्या विचारतील."

बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग मागून एक पोरगेली बाई अर्धवट उठली. चिंगी. पोट चांगलं वर आलेलं.

"मावशे," ती माइकपासून तोंड लांब धरत म्हणाली, "माजं पाय लय सुजल्यात. सासू म्हंती, असंच असतंय."

गंगी पायरीवरच थांबली. "तोंडबी सुजलंय तुजं. डोकं दुकतंय?"

"व्हय."

"डोळ्याफुडं काजवं?"

"कालपासनं."

गंगी सरळ बायकांतून वाट काढत गेली आणि चिंगीच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना. तिनं लीलाबाईंकडं पाहिलं. लीलाबाईंनी मान हलवली.

मग गंगीनं माइक स्वतःच हातात घेतला. "ऐका गं. हे माज्या हातचं काम न्हाई, अशीला झटकं येत्यात. हिला आजच दवाखान्यात न्यायाची. अशी खूण दिसली की कुनीबी थांबायचं न्हाई." मग स्टेजकडं तोंड करून म्हणाली, "पन मी हिच्यापाशी बसनार. दाराभाईर न्हाई, आत."

सगळं मैदान डॉक्टरसाहेबांकडं बघायला लागलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बसा," ते म्हणाले. "हात मात्र साबणानं धुवायचे."

"त्ये मी तुमच्या आधीपास्नं धुती," गंगी म्हणाली, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून हसलो.

श्रीपती बिचारा टेबलाभोवती घुटमळत होता. सागवान, गोल केलेल्या कडा, पॉलिश अजून ओलसर. "येवढं मन लावून केलं, आन येक घटका बी न्हाई टिकलं," तो म्हणाला. लीलाबाईंनी ते टेबल दवाखान्यात नेलं. आजही त्याच्यावर तान्ह्या बाळांचा वजनकाटा असतो, आणि श्रीपती येता-जाता कडेवरून हात फिरवतो.

कार्यक्रम पुढं गावोगाव झाले, बिनटेबलाचे. सगळ्यात जास्त वेळा आलेली पाहुणी अर्थातच गंगी. तो विक्रम कुणी मोडेल असं वाटत नाही. लीलाबाई रजेवर असल्या की यजमानही तीच. तिकडेही म्हणे तसाच बदली यजमान बसतो.

पण मला आठवते ती चिंगीची सकाळ. तिला आणून चार दिवस झाले होते. बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो. डॉक्टरसाहेब बाहेर आले, माझ्याशेजारी टेकले. मग गंगी हात पुसत आली.

"आता तुमची नर्सबाई बघतीया," ती म्हणाली. "मी जरा टेकती."

मी एक जागा सरकलो. साहेबही सरकले, कुणी न सांगता. मग चिंगीची सासू आली, तिच्यासाठी गंगी सरकली. बाक संपला, तसा मी सवयीनं टोकावरून उठून उभा राहिलो.

आतून बाळ रडलं. गंगीनं डोळे मिटले आणि पदर डोळ्यांना लावला. साहेब तिच्या शेजारी बसून होते.