आतला टाका

ऋतुजा पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले म्हणून कुंभारी गावात तिच्या लाथेला मोठा मान. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस थेट तिच्या दारात येऊन पालथा पडायचा. दहावीतली ऋतुजाही ऐटीत लाथ घालायची आणि वर चॉकलेट वसूल करायची.

आईला, कस्तुराबाईला, याचा वेगळाच अभिमान. "ही पायानं आली, घरातच आली, पण मला कुणी ब्लेड लावलं न्हाय," हे ती येईल त्याला ऐकवायची. थोरल्या लेकीच्या, रेश्माच्या मुलानं, सिद्धांतनंही पोटात तसेच खाली पाय धरले होते. पण डॉक्टरांनी सिझर केलं आणि पुढं टाक्यांत पू झाला. महिनाभर लेकीला उठता-बसता रडताना बघितल्यापासून कस्तुराबाईच्या मनात सुरीची धास्ती बसली होती.

आता सिद्धांत चार वर्षांचा झाला होता आणि रेश्मा पुन्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला एकच ध्यास होता, या खेपेला नॉर्मल. सोलापूरच्या डॉक्टर मनाली मॅडमनी तो मोडीत काढला नव्हता. तपासायला गेल्यावर ऋतुजाही शेजारी बसून कान टवकारून ऐकत होती. मॅडम सांगत होत्या, पहिलं सिझर मूल पायाळू होतं म्हणून झालं, या बाळाचं डोकं खाली आहे, म्हणजे ते कारण उरलं नाही. गर्भाशयावरचा छेद खालच्या बाजूला, आडवा आहे. असं असलं की दहातल्या सहा-सातजणी तरी नॉर्मल होतात. ठरवून सिझर केलं तर टाका उसवायची भीती जवळजवळ नसते. पण रक्त जास्त जातं, जखम चिघळू शकते आणि दरवेळी कापत गेलं की पुढच्या खेपेला बाळाची वार जुन्या टाक्यात रुतून बसायचा धोका वाढतो. नॉर्मलच्या प्रयत्नात टाका फाटणं दोनशेत एखादीच्या वाट्याला येतं. पण आलं तर हाताशी मिनिटंच असतात.

"म्हणून प्रयत्न करायचा तो इथंच, ऑपरेशन थिएटरच्या दारात," मॅडम म्हणाल्या होत्या. "कळा सुरू झाल्या की लगेच निघायचं. आणि कळ गेल्यावरही टाक्यापाशी दुखत राहिलं, तर ते अंगावर काढायचं नाही."

घरी आल्यावर कस्तुराबाईनं या सगळ्याची घडी घालून कोनाड्यात ठेवली. तिचा हिशोब सरळ होता. लवकर गेलं की डॉक्टर कापतात. कळा घरीच काढायच्या, मूल तोंडाशी आलं की जायचं, मग काय कापतील? रेश्मालाही ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं तिला.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी बसवराजमामा पाठ धरून आले. रिक्षा दारात लावून ओसरीवर पालथे पडले. ऋतुजा पाय उचलणार तोच तिला आतल्या खोलीत रेश्मा दिसली. ती खुंटीला धरून उभी होती. कळ आली, ओसरली. पण रेश्माचा हात ओटीपोटावरून हललाच नाही.

मामांना तसंच पालथं ठेवून ती आत गेली.

"ताई, कळ गेली ना? मग अजून दुखतंय का?"

"गप की. आई म्हणती, अजून वेळ हाय."

"आई काय म्हणती ते न्हाय विचारलं. टाक्यापाशी दुखतंय?"

रेश्मानं आईकडं पाहिलं. चहाचं आधण ठेवणाऱ्या कस्तुराबाईचे हात थांबले. मग रेश्मा हळूच म्हणाली, "व्हय. मघापासनं."

कस्तुराबाईनं चूल विझवली. रेश्माला दंडाला धरून रिक्षाकडं नेलं. मामा पाठीचं दुखणं विसरून रिक्षात बसले. ऋतुजानं वाटेतूनच दवाखान्यात फोन लावला.

तिथं पोटाला पट्टे बांधले. यंत्रातले बाळाचे ठोके कळ आली की कोसळायचे आणि पुन्हा वर यायला फार वेळ घ्यायचे. मॅडमनी रेश्माचा हात धरून सांगितलं, आता प्रयत्न इथं थांबवायचा, सिझर करायचं. रेश्मानं डोळे मिटून मान हलवली.

मुलगी झाली, रडली. टाका पूर्ण फाटला नव्हता, पण एके ठिकाणी विरलेल्या चादरीसारखा झाला होता, पलीकडचं दिसावं इतका. पुढच्या वेळी वाट बघायची नाही, कळांच्या आधीच सिझर, असं मॅडम सांगून गेल्या. कस्तुराबाई कोपऱ्यात पदराचं टोक चघळत राहिली.

दुसऱ्या दिवशी रेश्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. ऋतुजाला वाटलं, ताईचा राग आपल्यावरच आहे.

"सारखं वाटतंय," रेश्मा म्हणाली, "अजून घटकाभर थांबले असते, तर नॉर्मल झालं असतं."

थांबली असती तर काय झालं असतं, हे दोघींनाही माहीत होतं. तरी ताईचं वाटणं खोटं नव्हतं.

बाळ कुरकुरलं. रेश्मा कण्हत वळली आणि तिनं ते ऋतुजाच्या हातात दिलं.

"डोकं नीट धर," ती म्हणाली. "बिचारी सरळ यायलाच निघाली होती."