पुवाचा रंग

चिंधा पाटलाला हीव भरून ताप चढला, तेव्हा त्याने पहिली शिवी तापाला दिली नाही, धाकट्या भावाला दिली. सुकदेवने मळ्यात नवा संडास बांधला होता आणि त्याचा शोषखड्डा खणला होता तो नेमका दोघांच्या सामाईक विहिरीच्या अंगाला. तेव्हापासून भावाभावांत बोलणं संपलं होतं, ओरडणं तेवढं राहिलं होतं. चिंधाने ग्रामपंचायतीत अर्ज टाकला. तिथे त्याला सांगण्यात आलं की खड्ड्याने कोणाचं काय बिघडलं ते आधी दाखव. आणि आता उजव्या बरगडीखाली असं दुखत होतं की खोकला आला तरी खांद्यापर्यंत कळ जायची. दाखवायला त्याच्याकडे स्वतःचं अंगच होतं.

बायको सुनंदाबाई त्याला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आली. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गळू निघालं, चांगलं लिंबाहून मोठं. वॉर्डाच्या डॉक्टर हेमांगी मॅडम तरुण, पण बोलायला कडक. त्यांनी दोघांना नीट समजावलं. असं गळू दोन तऱ्हेचं असतं. एक अमिबाचं. हा डोळ्यांना न दिसणारा जीव घाण पाण्यातून किंवा खाण्यातून आतड्यात जातो आणि तिथून लिव्हरला लागतो. ते बहुतेक वेळा औषधानेच बसतं, सुई टोचावी लागत नाही. दुसरं साध्या जंतूंचं. ते पित्ताच्या पिशवीतून, आतड्यातून किंवा रक्तातून येतं, आणि साखरेचा आजार असलेल्या माणसाला जास्त धरतं. त्याला दुसरी औषधं लागतात, आणि गळू एवढं मोठं असलं की बहुधा पूही काढावा लागतो. सोनोग्राफीत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून तपासणीला रक्त घेऊन दोन्हींवरची औषधं एकदम सुरू करायची, आणि सुईने थोडा पू काढून बघायचा.

चिंधाच्या कानात यातलं एकच वाक्य शिरलं. घाण पाण्यातून. तो कॉटवर उठून बसला. त्याने मॅडमकडे ते कागदावर लिहून मागितलं. मॅडम म्हणाल्या, अजून काहीच ठरलेलं नाही, तुमची साखर मात्र तिपटीने वाढलेली आहे. साखर चिंधाला जुनीच होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायचा, नाहीतर गूळ-शेंगदाणे खायचा. सुईला त्याने साफ नकार दिला. अमिबाला सुई लागत नाही हे तुम्हीच सांगितलं, असं त्याने मॅडमचंच बोलणं त्यांच्या तोंडावर मारलं.

त्याचा हिशेब सरळ होता. जंतूंवरचं औषध अंगात घेतलं म्हणजे आजार साखरेचा, आपल्याच कर्माचा, असं कबूल केल्यासारखं. सिस्टरने अमिबाची बाटली लावली की तो मुकाट पडून राहायचा. जंतूंवरचं औषध बाटलीत मिसळून लावलं की सिस्टर वळायची वाट पाहायचा, नळीचं टोक हातातल्या सुईतून सोडवायचा आणि सगळं औषध कॉटखालच्या बादलीत ठिबकू द्यायचा. सुनंदाबाईने हे पाहिलं. तो म्हणाला, "बोलशी ते घरना रस्ता धर."

ताप काही उतरेना. रोज संध्याकाळी दात वाजायचे, अंगावर दोन गोधड्या टाकूनही कॉट हलायची. एरवी अमिबाचा ताप त्या औषधाने तीन-चार दिवसांत पडायला लागतो, म्हणून मॅडमनी पुन्हा सोनोग्राफी केली. गळू वाढून पेरूएवढं झालं होतं, आणि बाहेरच्या बाजूची कड पातळ पडली होती. त्यातच रक्ताचा रिपोर्ट आला. अमिबाची काही खूण सापडली नव्हती.

मॅडमनी केस पेपर पुन्हा पुन्हा वाचला. दोन्ही औषधं वेळेवर चालू असताना हे असं कसं, हे त्यांना उमगेना. सुनंदाबाई पदराने तोंड पुसत पुढे झाली आणि म्हणाली, "बाई, अर्धं औषध बादलीत जातंय. मी रोज ओतून येते."

मॅडम लाल झाल्या. सिस्टरवर बरसल्या, मग चिंधाकडे वळल्या. "हे गळू पोटात फुटलं तर तुम्हाला घरी न्यायला चार माणसं लागतील, बाबा. आता सुई हवीच. नाही म्हणत असाल तर तसं लिहून सही करा."

चिंधाने बायकोकडे असं पाहिलं की शेजारच्या कॉटवरच्या माणसाने मान फिरवली. रिपोर्ट खोटा आहे, तो म्हणाला. सही करतो.

तेवढ्यात सुकदेव आला. भावाच्या काळजीने आला असं कोणी समजू नये. चिंधा दवाखान्यातून खड्ड्याविरुद्ध कागद आणणार अशी गावात बोलवा झाली होती, म्हणून तो आला होता. सुनंदाबाईकडून सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना विचारलं, पू पाहून कळतं का कशाचं आहे ते? मॅडम म्हणाल्या, अमिबाचा असला तर बहुधा चॉकलेटी असतो, वास नसतो. जंतूंचा पिवळा, घाण वासाचा. पण नुसत्या रंगावर ठरवायचं नसतं, लॅबमध्ये जाऊ द्या.

पुढचं सुकदेवने ऐकलंच नाही. "काढा मॅडम. मन्हासमोर काढा. पिवळा निंघना का हाऊ गावमां तोंड दाखाडाना नही."

"तुना बापनं लिव्हर शे का?" चिंधा ओरडला आणि कळ येऊन वाकडा झाला.

"बाप एकच शे आपला. घाबरना का?"

हे चिंधाला लागलं. मरणाच्या भीतीने जे झालं नसतं ते या एका शब्दाने झालं. त्याने हात पुढे केला आणि संमतीचा कागद मागितला. चॉकलेटी पू भावाच्या नाकासमोर धरायचा, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

रक्त नीट गोठतंय का ते तपासून त्याला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. सुकदेवला मॅडमनी आत घेतलं नाही. तो दाराच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. बरगड्यांमध्ये जागा बधिर केली, पडद्यावर बघत लांब सुई आत घातली. चिंधाने मान वळवून सिरिंजवर नजर रोखली होती. मॅडमनी दट्ट्या ओढला.

पिवळा. हिरवट झाक असलेला, दाट, आणि वास असा की सिस्टरने मास्क वर ओढला.

चिंधा बघत राहिला. मॅडमनी नमुना वेगळा काढून लॅबला पाठवला. पू फार दाट होता, एका खेपेत निघणारा नव्हता, म्हणून आत बारीक नळी ठेवून तिला पिशवी जोडली. त्या खोलीतून बाहेर येताना चिंधाने डोळे मिटून घेतले. सुकदेव स्ट्रेचरच्या बाजूने चालत होता आणि गावात कोणाकोणाला काय सांगणार ते भावाला ऐकवत होता.

मग मात्र दोन्ही औषधं त्याच्या अंगात गेली, कारण सुनंदाबाई बाटली संपेपर्यंत नळी धरून बसायची. पिशवीत पू उतरत राहिला आणि ताप उतरला. लॅबचा कागदही आला. पुवाच्या नमुन्यात जंतूच वाढले होते. मॅडमनी अमिबाची बाटली बंद केली आणि सांगितलं की जंतूंवरचं औषध कित्येक आठवडे चालेल, साखरही ताब्यात ठेवावी लागेल. चिंधाला पहिल्यांदा भूक लागली तेव्हा त्याने भाकरीही भांडल्यासारखीच मागितली.

सुकदेव पुन्हा आला. या खेपेस बसला नाही. अर्ज मागे घ्यायचा कागद लिहूनच आणला होता. चिंधाने तो हातात धरला. अंगठा उठवू की सही करू, एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि तेही इतकं कडू की सुकदेव हसला.

सुनंदाबाईने कागद काढून घेतला.

"भाऊ, यास्नं गळू खड्डानं नव्हतं, खरं शे," ती दिराला म्हणाली. "पण खड्डा विहीरनाजोडेच शे ना? ते पाणी मी पेस, तुन्ही बायको पेस. मॅडमनी सांगं ना, ते अमिबानं गळू घाण पाणीमाईनच येस."

सुकदेव म्हणाला, मग अर्ज कोणाच्या नावावर राहणार?

"मन्हा."

चिंधाने मान वर केली. अर्ज माझा आहे, तो म्हणाला. घरातल्या बाईने त्यात तोंड घालायचं कारण नाही. सिस्टर जंतूंच्या औषधाची बाटली घेऊन आली होती. सुनंदाबाईने नवऱ्याचा हात उचलला, उशीवर सरळ ठेवला आणि मनगटावर आपला हात दाबून धरला.